कॅमेऱ्याच्या आत (भाग ४): ३३ मिलिसेकंदांचा हिशेब

गेल्या आठवड्यात आपण सेन्सरपाशी थांबलो होतो. प्रकाशाची वीज झाली आणि विजेचे आकडे झाले, इथवर आलो होतो. आज त्या आकड्यांचा पुढचा प्रवास पाहू आणि त्यासाठी विसर्जन मिरवणुकीचं उदाहरण घेऊ. संध्याकाळ उतरलेली, रोषणाई लुकलुकतेय, ढोलपथक पुढे सरकतंय, गुलाल उधळला जातोय, गॅलरीतून पाकळ्या पडताहेत. फोनवर ४के रेकॉर्डिंग सुरू आहे, सेकंदाला ३० फ्रेम. हा प्रसंग मी मुद्दाम निवडला, कारण फोनच्या कॅमेऱ्याची इतकी कठीण परीक्षा एरवी क्वचितच होते. तोच व्हिडिओ घरी टीव्हीवर लावला की ढोल वाजवणाऱ्यांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात आणि गुलालाच्या ढगात चौकोनांची जाळी उमटते. लेन्स चांगली, सेन्सर चांगला. मग चित्र बिघडलं कुठे?

सेन्सर आणि फाइल यांच्यामध्ये फोनच्या मुख्य चिपवर दोन स्वतंत्र मंडलं बसलेली असतात. पहिलं इमेज सिग्नल प्रोसेसर, म्हणजे आयएसपी. दुसरं व्हिडिओ एन्कोडर. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ३३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढची फ्रेम येऊन ठेपते आणि ती थांबत नाही. या दोन्ही मंडलांची सगळी घडण, त्यांचं बळ आणि त्यांच्या तडजोडी या एका अटीतून आल्या आहेत.

आयएसपीच्या हाती काय येतं ते आधी पाहू. ४के फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. पण सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर असतो. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. लाल फिल्टरखालच्या पिक्सेलला त्या जागी हिरवा किती होता हे माहीतच नसतं. शिवाय पूर्ण अंधारातही सेन्सर शून्य आकडा देत नाही, काही पिक्सेल कायमचे बिघडलेले असतात, आणि लेन्समुळे कोपऱ्यांत मध्यापेक्षा कमी प्रकाश पोचतो.

आयएसपी हे ओळीने निस्तरत जातो. अंधाराचा आकडा वजा करतो, बिघडलेल्या पिक्सेलची जागा शेजाऱ्यांवरून भरतो, कोपरे उजळतो, दिव्यांच्या पिवळेपणानुसार लाल-निळ्याचं प्रमाण बदलतो, शेजारच्या पिक्सेलांवरून प्रत्येक ठिकाणचे न मोजलेले दोन रंग काढतो, नॉइज कमी करतो, आणि शेवटी उजेड-अंधाराची चढण डोळ्याला पटेल अशी करून कडांना धार लावतो. यातल्या बहुतेक पायऱ्यांना फार तर पिक्सेलच्या आसपासचे काही शेजारी लागतात. सेन्सर फ्रेम ओळीओळीने पाठवतो, त्यामुळे आयएसपी स्वतःजवळ मोजक्या ओळी ठेवून काम उरकतो. अख्खी फ्रेम हातात येण्याची वाट त्याला पाहावी लागत नाही. एक ओळ आत येत असते तेव्हा आधीच्या ओळीचे रंग भरले जात असतात आणि त्याच्याही आधीची तयार होऊन बाहेर पडत असते.

हेच काम साध्या प्रोसेसरला करता येणार नाही का? येईल. पण सेकंदाला सुमारे २५ कोटी पिक्सेल आणि प्रत्येकामागे शेकडो क्रिया, असा तो हिशेब आहे. प्रोसेसरला प्रत्येक क्रियेसाठी सूचना आणावी लागते, वाचावी लागते, आकडे आत-बाहेर न्यावे लागतात. आयएसपीत हा मार्ग सिलिकॉनमध्येच आखलेला असतो, म्हणून तेच काम कितीतरी कमी विजेत होतं. फोनला पंखा नसतो. वीज कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे रेकॉर्डिंग मध्येच बंद पडत नाही.

चित्र बनवता बनवता आयएसपी आणखी एक काम करतो, आणि कॅमेरा चपळ वाटतो तो बराचसा त्यामुळे. फ्रेमचे छोटे छोटे भाग पाडून तो प्रत्येक भागाचा उजेड, रंग आणि धार मोजतो. त्यावरून पुढचं एक्स्पोजर, रंगसंतुलन आणि फोकस ठरतं. मात्र ठरवलेलं एक्स्पोजर सेन्सरवर लागू होईपर्यंत दोन-तीन फ्रेम निघून जातात, आणि चित्र फडफडू नये म्हणून बदलही मुद्दाम हळूहळू केला जातो. मिरवणुकीतला मोठा दिवा अचानक कॅमेऱ्याकडे वळला की चित्र क्षणभर पांढरं पडून मग सावरतं, त्याचं कारण हेच. फोटो काढतानाही अशीच साखळी चालू असते. बहुतेक फोन कॅमेरा उघडल्यापासूनच्या ताज्या काही फ्रेम मेमरीत फिरत्या ठेवतात, आणि बटण दाबलं की दाबण्याच्या क्षणाची, आधीच टिपलेली फ्रेम उचलतात. आयएसपीला हा ओघ अखंड पेलता आला तरच ते शक्य होतं. तो कमी पडला की बटण आणि फोटो यांच्यात अंतर पडू लागतं.

आता नॉइजकडे वळू, कारण दोन्ही मंडलांची गाठ इथे पडते. संध्याकाळी प्रकाश कमी, म्हणून सेन्सरचा सिग्नल वाढवावा लागतो आणि त्याबरोबर नॉइजही वाढतो. तो कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घ्यायची. दुसरा, त्याच जागेची आधीच्या फ्रेमशी सरासरी घ्यायची. स्थिर भिंतीवर दुसरा मार्ग उत्तम चालतो. ढोलावर पडणाऱ्या टिपरूवर तो वापरला तर मागे भुतासारखी सावली राहते, म्हणून हालचाल दिसताच आयएसपी पहिल्या मार्गाकडे वळतो. त्या सरासरीत कातडीचा पोत आणि दाढीचे खुंट नॉइजसोबत पुसले जातात. मेणासारखे चेहरे होतात ते इथे.

तर मग नॉइज थोडा राहू दिला तर? इथे एन्कोडर आडवा येतो. आयएसपीकडून तयार झालेली फ्रेम मेमरीत सुमारे १२.४ एमबी जागा घेते. प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा आणि चार पिक्सेलांत मिळून एकदाच रंग, अशा काटकसरीने मांडूनही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ४के, ३० फ्रेमच्या एका मिनिटाला, एचईव्हीसी वापरून आणि एचडीआर बंद ठेवून, साधारण १७० एमबी लागतील असं लिहिलेलं असतं. भागाकार केला तर एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ९४ केबी येतात. म्हणजे एन्कोडरने प्रत्येक फ्रेम जवळपास १३० पट लहान करायची, तीही त्याच ३३ मिलिसेकंदांच्या चालीने.

हे साधतं कारण बहुतेक चित्र आधीच्या फ्रेममध्ये असतंच. एन्कोडर फ्रेमचे चौकोन पाडतो. २००३ च्या एच.२६४ मध्ये १६ बाय १६ पिक्सेलांचे, २०१३ च्या एचईव्हीसीमध्ये जास्तीत जास्त ६४ बाय ६४ चे, आणि गरजेप्रमाणे त्यांचे तुकडे. प्रत्येक तुकड्यासाठी तो आधीच्या फ्रेममध्ये तसाच तुकडा शोधतो. सापडला तर ‘तिथून इतका सरकला’ एवढंच लिहितो आणि उरलेला फरक तेवढा नोंदवतो. तो फरक किती बारकाईने नोंदवायचा हे एका आकड्यावर ठरतं. साधारण ८ बिट व्हिडिओत हा क्यूपी ० ते ५१ असतो आणि तो ६ ने वाढला की नोंदीचा खरखरीतपणा दुप्पट होतो.

आता गुलाल उधळा. प्रत्येक कण आपापल्या दिशेने जातो. आधीच्या फ्रेममध्ये जुळणारा तुकडा नाही, म्हणून फरक मोठा. पाकळ्यांचंही तेच, आणि पुसला न गेलेल्या नॉइजचंही तेच, कारण नॉइज प्रत्येक फ्रेममध्ये नवा असतो. बिट मात्र ठरलेले. एन्कोडरकडे क्यूपी वाढवण्यावाचून उपाय राहत नाही. बारीक फरक शून्य होतात, तुकड्याची सरासरी तेवढी शिल्लक राहते आणि तुकड्यांच्या कडा दिसू लागतात. आयएसपीने सोडलेला नॉइज अशा वेळी चेहऱ्याच्या वाट्याचे बिट खातो. म्हणून फोन बनवणारे व्हिडिओत नॉइज फोटोपेक्षा जास्त निर्दयपणे पुसतात. माझ्या मते पुष्कळदा ते जरुरीपेक्षा जास्त पुसतात, पण त्यामागचं गणित असं आहे.

संगणकावरचा सॉफ्टवेअर एन्कोडर तेवढ्याच जागेत अधिक चांगलं चित्र बसवू शकतो. त्याला घाई नसते. एका सेकंदाच्या व्हिडिओवर तो अनेक सेकंद घालवतो, लांबवर शोधतो, तुकडे पाडण्याचे खूप पर्याय तपासतो, पुढच्या कित्येक फ्रेम आधी पाहून बिट वाटतो. फोनमधला एन्कोडर मर्यादित टापूत शोधतो आणि मोजके पर्याय पाहतो. त्याने एकदा टाकून दिलेला बारकावा नंतर संगणकाला परत आणता येत नाही. एन्कोडरचं वेगळं मंडल नसलं तरी काम होऊ शकतं, हे रास्पबेरी पाय ५ दाखवतो. २०२३ च्या या छोट्या संगणकात आयएसपी आहे, पण एच.२६४ चा हार्डवेअर एन्कोडर काढून टाकला आहे. ते काम मुख्य प्रोसेसर करतो. मात्र तो भिंतीतल्या विजेवर चालतो आणि जड कामासाठी त्याला पंखा लावण्याची शिफारस असते. खिशातल्या फोनला ही सोय नाही.

तुमच्या व्हिडिओत दोष कोणाचा, हे ओळखता येतं. गुळगुळीतपणा स्थिर भागातही असेल आणि फ्रेम बदलली तरी तसाच राहत असेल, तर तो आयएसपीचा. कडांभोवती पांढरी रेघ हेही त्याच्याच धार लावण्याचं काम. चौकोन फक्त हालचालीत येत असतील, किंवा ठराविक अंतराने चित्र क्षणभर स्वच्छ होऊन पुन्हा मऊ पडत असेल, तर तो एन्कोडर. संगणकावर प्रत्येक फ्रेमचा आकारही वाचता येतो:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pict_type,pkt_size -of csv=p=0 clip.mov
```

प्रत्येक ओळीत फ्रेमचा बाइटमधला आकार आणि प्रकार येतो. `I` म्हणजे स्वतंत्र फ्रेम, ती मोठी असते. `P` आणि `B` म्हणजे इतर फ्रेमच्या आधाराने लिहिलेल्या. शांत भागात `P` लहान दिसतील. गुलाल उडू लागला की त्या फुगतील आणि एका पातळीला जाऊन अडकतील. आकार अडकला आणि त्याच वेळी पडद्यावर चौकोन आले, तर बिट संपले होते असं खुशाल समजा.

मग मिरवणुकीत काय निवडावं? आयफोनच्या त्याच सेटिंग्जमध्ये ६० फ्रेमसाठी मिनिटाला ४०० एमबी लिहिलेले असतात, म्हणजे फ्रेममागे सुमारे १११ केबी. फ्रेममधलं अंतर निम्मं होतं, त्यामुळे पाकळी कमी सरकलेली असते आणि जुळणारा तुकडा सापडण्याची शक्यता वाढते. एन्कोडरच्या बाजूने ६० चांगले. पण प्रत्येक फ्रेमला प्रकाश गोळा करायला फार तर एक साठांश सेकंद मिळतो, ३० च्या निम्मा. अंधार पडल्यावर तो तोटा नॉइज होऊन आयएसपीपाशी येतो आणि चेहरे अधिक पुसले जातात. उन्हं असेपर्यंत गुलालासाठी ६० ठेवावेत. दिवे लागले की ३० वर यावं आणि चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करावं.