पेरूचा वास येतो म्हणजे पेरू घातलेला नसतो

नाशिकच्या कोणत्याही वायनरीत चव घ्यायच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं राहा, एक वाक्य कानावर पडतंच: "यात पेरूचा इसेन्स घालतात." बाटलीच्या मागच्या लेबलवर पेरू, ढोबळी मिरची, लिंबाची साल अशी नावं छापलेली असतात आणि वाचणारा ती घटकपदार्थांची यादी समजतो. शिकलेसवरलेले लोक हे ठासून सांगतात, ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे तेसुद्धा. हा समज साफ चुकीचा आहे. लेबलवरची ती नावं फक्त वासाचं वर्णन करतात. सोव्हिन्यों ब्लाँच्या बाटलीत पेरू नसतो, मिरची नसते, लिंबूही नसतं.

शंका का येते हे समजण्यासारखं आहे. आपण खातो ते थॉमसन सीडलेस द्राक्ष गोड आणि रसाळ असतं, पण त्याला ठळक असा वास नसतो. मग द्राक्षातून मिरचीचा वास येणार कुठून? उत्तर असं की ढोबळी मिरचीच्या वासाचा मुख्य रेणू सोव्हिन्यों जातीच्या द्राक्षात मुळातच तयार होतो. तो पायराझिन कुळातला आहे. लिटरभर पाण्यात तो साधारण २ नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मणी हिरवे आणि कडक असताना तो साठतो, फळ पिकू लागलं की कमी होत जातो. घडावर ऊन पडलं तर मुळात बनतोच कमी. म्हणून न्यूझीलंडच्या मार्लबरोसारख्या थंड भागातल्या सोव्हिन्योंला गवताचा, मिरचीचा हिरवा वास ठळक असतो आणि उष्ण भागातल्या वाइनमध्ये तो दबलेला असतो. घडाभोवतीची पानं किती विरळ केली, तोडणी किती दिवस आधी झाली, यावरही तो बदलतो.

पेरूची गोष्ट याहून सुरस आहे. पेरू, पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूटच्या वासामागे गंधकयुक्त रेणू असतात, त्यांना थायॉल म्हणतात. सोव्हिन्योंच्या ताज्या रसात ते जवळजवळ नसतात. रसात असतात ती त्यांची बिनवासाची पूर्वरूपं, ज्यात गंधकाचा भाग अमिनो आम्लाला जखडलेला असतो. रस आंबताना यीस्ट ही जखड तोडतं आणि वास मोकळा होतो. बोर्दो विद्यापीठातले ताकातोशी तोमिनागा, फिलिप दारिए आणि देनी दुबुर्दिओ यांनी १९९० च्या दशकात हे रेणू एकेक करून ओळखले. यातले दोन प्रमुख रेणू पेरूच्या फळातही सापडले आहेत. म्हणजे वाइनमध्ये येणारा पेरूचा वास हा पेरूसारखा भासणारा वास नव्हे, रेणू तोच आहे. तो फक्त दुसऱ्या फळाच्या रसातून मोकळा झालेला आहे.

याची खात्री हंगामात बागेतच करता येते. नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी चालते. पिकलेलं सोव्हिन्योंचं द्राक्ष सालीसकट नीट चावा, गिळा आणि थांबा. वीसतीस सेकंदांनी तोंडात एक वास परत वर येतो, जो चावताना नव्हता. बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांनी हे थायॉलचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी नोंदवून ठेवलं होतं. त्या द्राक्षात कुणी इसेन्स ओतलेला नसतो.

आणखी एक पुरावा शेतकऱ्याच्या रोजच्या कामातला आहे. थायॉल तांब्याला चिकटतात आणि मग त्यांचा वास येत नाही. डाऊनीवर मारायचं बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. ते तोडणीच्या फार जवळ मारलं तर रसात तांबं उतरतं आणि वाइनचा पेरू, पॅशनफ्रूट फिका पडतो. वास बाटलीत वरून घालायचा असता, तर फवारणीच्या तारखेची चिंता वायनरीनं कशाला केली असती?

इसेन्सची भेसळ कधी झालीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेत २००४ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये बेकायदा स्वाद मिसळल्याचं उघड झालं. ती वाइन नष्ट करण्यात आली आणि जबाबदार वाइनमेकरना नोकरी गमवावी लागली. भेसळ म्हणून जे पकडलं गेलं, ते सर्रास चालतं असं समजणं हा प्रामाणिकपणे वाइन करणाऱ्यांवर अन्याय आहे.

आता तीन वाइन वासावरून वेगळ्या कशा करायच्या? सोव्हिन्यों, शेनिन आणि पिनो ग्रिजिओ एकसारख्या ग्लासात थोड्या थोड्या ओता. शेजारी वाट्यांमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा, पिकलेला पेरू, लिंबाची किसलेली साल, सफरचंद आणि नासपती ठेवा. ग्लास न हलवता आधी एकदा हुंगा, मग फिरवून पुन्हा. ज्या ग्लासात मिरची किंवा कापलेलं गवत आहे, ती सोव्हिन्यों. हिरवेपणा अजिबात नसेल, पण पेरू किंवा पॅशनफ्रूट टोकदार, काहीसा घामट होऊन नाकात शिरत असेल, तरीही बहुधा सोव्हिन्योंच.

शेनिनचा वास गोलसर असतो: सफरचंद, मध, कधी पिकलेलं केळं किंवा अननस. इथला केळं-अननस मुख्यतः थंड तापमानात रस आंबवताना यीस्टनं बनवलेल्या एस्टरांचा असतो, त्यात थायॉलचा तो बोचरेपणा नसतो. फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली जुनी शेनिन वेगळीच असते, तिला मध आणि ओल्या लोकरीचा वास येतो. पिनो ग्रिजिओ सर्वांत अबोल. इटलीच्या ईशान्य भागातली नेहमीची बाटली घेतलीत तर नासपती, थोडं लिंबू, शेवटी बदामाची किंचित कडवट छटा, एवढंच. ग्लासात वास शोधावा लागत असेल, तर आधी तिचंच नाव घ्या.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगायला हवं. उष्ण भागात पूर्ण पिकलेल्या द्राक्षांची सोव्हिन्यों आणि थंड आंबवलेली तरुण शेनिन पहिल्या दिवसांत जवळजवळ बहिणी वाटतात. तिथे नुसत्या नाकावर पैज लावू नये.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. गोड फळाचा वास म्हणजे वाइन गोड, हे खोटं: वासाचा साखरेशी संबंध नाही, पॅशनफ्रूटनं घमघमणारी सोव्हिन्यों बहुतेकदा पूर्ण कोरडी असते. लिंबासारखी आंबट म्हणजे लिंबाच्या वासाची, हेही खोटं: आंबटपणा जिभेला कळतो, वास नाकाला. पांढरी वाइन फक्त हिरव्या द्राक्षांची, असंही नाही: पिनो ग्रिजिओची साल राखाडी-गुलाबी असते. शेजारच्या बागेतल्या पेरूचा वास द्राक्षात उतरतो, याला आधार नाही. आणि जितकी गार तितकी चांगली, हा समज तर सगळ्या वासावरच पाणी फिरवतो. फ्रिजमधून काढलेली बाटली थोडा वेळ बाहेर ठेवा, १० ते १२ अंशांवर ती बोलू लागते.

शेवटी, खरेदीपुरतं एक लक्षात ठेवा. पॅशनफ्रूटचा सर्वांत तीव्र थायॉल बाटलीत महिन्यांगणिक मोडत जातो. म्हणून फळांच्या वासासाठी सोव्हिन्यों घेत असाल तर लेबलवर द्राक्षांच्या हंगामाचं वर्ष पाहा, आणि ते दोन वर्षांहून जुनं असेल तर दुकानदाराकडे नवी बाटली मागा.