सकाळ-संध्याकाळचे संरक्षणाचे अजकार: शब्द, अर्थ आणि वेळ

अल्लाहचे स्मरण म्हणजे जिक्र, आणि त्याचे अनेकवचन अजकार. पैगंबर मुहम्मद (स.) सकाळी आणि संध्याकाळी जी ठरावीक वाक्ये म्हणत आणि सोबत्यांना शिकवत, त्यांना सकाळ-संध्याकाळचे अजकार म्हणतात. त्यांत स्तुती आहे, क्षमायाचना आहे, आणि मोठा भाग संरक्षण मागण्याचा आहे. आज अनेक मुस्लिम घरांत ही वाक्ये सौदी विद्वान सईद बिन अली अल-कहतानी यांच्या ‘हिस्नुल मुस्लिम’ या खिशात मावणाऱ्या पुस्तिकेतून पाठ केली जातात. पुस्तिकेत दुआ एकाखाली एक छापलेल्या असतात. प्रत्येक दुआ कोणत्या प्रसंगातून आली आणि ती नेमके कशाचे आश्वासन देते, हे मात्र मूळ हदीस पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

संरक्षणाच्या दुआंमध्ये सर्वांत परिचित वाक्य असे आहे: ‘बिस्मिल्लाहिल्लजी ला यदुर्रु मअस्मिही शैउन फिल अर्दि व ला फिस्समाइ व हुवस्समीउल अलीम.’ अर्थ: ज्या अल्लाहच्या नावासोबत पृथ्वीवरची वा आकाशातली कोणतीही वस्तू अपाय करू शकत नाही, त्याच्या नावाने, तो सर्व ऐकणारा, सर्व जाणणारा आहे. हे वाक्य सकाळी तीनदा आणि संध्याकाळी तीनदा म्हणायचे असते. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात त्याचे फळही दिले आहे. संध्याकाळी म्हणणाऱ्यावर सकाळपर्यंत आणि सकाळी म्हणणाऱ्यावर संध्याकाळपर्यंत अचानक संकट कोसळणार नाही. दिवसाच्या दोन टोकांना दोन वेळा म्हणण्याचे कारण यातच आहे: एका वेळेचे पठण दुसऱ्या वेळेपर्यंत पुरते.

ही हदीस तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्याकडून त्यांचे पुत्र अबान यांनी सांगितली. अबान पुढे मदीनेचे सुभेदार झाले. उतारवयात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ज्याने ही हदीस त्यांच्याच तोंडून ऐकली होती असा एक माणूस त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला. त्याच्या मनातला प्रश्न उघड होता: सकाळ-संध्याकाळ ही दुआ म्हणणाऱ्यालाच हे कसे झाले? अबान यांनी तो ओळखला आणि स्वतःहून उत्तर दिले. मी उस्मान यांच्या नावावर खोटे बोललो नाही आणि उस्मान पैगंबरांच्या नावावर खोटे बोलले नाहीत. पण ज्या दिवशी हे झाले त्या दिवशी मी रागात होतो आणि दुआ म्हणायची विसरलो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तिर्मिजी यांच्या संग्रहातल्या पाठात आणखी एक गोष्ट येते. अल्लाहने जे ठरवले होते ते घडावे म्हणून त्या दिवशी माझ्याकडून ते म्हटले गेले नाही, असे अबान सांगतात.

अजकारांच्या संपूर्ण विषयात या प्रसंगाइतके मोलाचे दुसरे काही क्वचितच सापडेल. दुआ आणि नियती यांचे नाते इथे स्पष्ट होते. दुआ म्हणजे अल्लाहच्या निर्णयाला अडवणारी भिंत, असे इस्लाम मानत नाही. दुआ हेही एक साधन आहे, आणि ते हाती येणे किंवा न येणे हेसुद्धा त्याच निर्णयाचा भाग आहे. रागाच्या भरात रोजची सवय सुटते, ही साधी मानवी बाबही अबान यांनी लपवली नाही.

दुसरे वाक्य खास संध्याकाळचे आहे. मुस्लिम यांच्या संग्रहात अबू हुरैरा सांगतात की एक माणूस पैगंबरांकडे आला आणि म्हणाला, काल रात्री विंचू चावला, फार त्रास झाला. पैगंबर म्हणाले, संध्याकाळ झाल्यावर तू हे म्हटले असतेस तर त्याने तुला अपाय केला नसता. ते शब्द असे: ‘अऊजु बिकलिमातिल्लाहित्ताम्माति मिन शर्रि मा खलक.’ अर्थ: अल्लाहने जे जे निर्माण केले त्याच्या उपद्रवापासून मी त्याच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय घेतो. तिर्मिजींच्या पाठात ते तीनदा म्हणण्याचा उल्लेख आहे. तिथेच या हदीसचे एक निवेदक सुहैल सांगतात की आमच्या घरच्यांनी हे शब्द शिकून घेतले होते आणि ते रोज रात्री म्हणत. पुढे घरातल्या एका मुलीला दंश झाला, पण तिला वेदना जाणवली नाही. म्हणजे हदीस सांगणाऱ्यांच्याच घरात दंश टळला नव्हता, त्याचा त्रास टळला होता. ‘अपाय करणार नाही’ या शब्दांचा अर्थ जुन्या पिढीने असाही घेतला होता. प्रवासात एखाद्या ठिकाणी मुक्काम केल्यावरही हेच वाक्य म्हणायची शिकवण आहे.

दुआ म्हटली म्हणजे उपचाराची गरज उरत नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. खुद्द पैगंबरांना नमाजात विंचू चावला, तेव्हा त्यांनी पाणी आणि मीठ मागवले, दंशाची जागा त्याने पुसली आणि सोबत कुरआनातल्या आश्रयाच्या सूरा पठण केल्या, असे तबरानी यांच्या संग्रहात आहे. औषध आणि पठण एकाच वेळी चालू होते. कोकणात लाल विंचवाचा दंश, विशेषतः मुलांसाठी, जीवघेणा ठरू शकतो, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडते ते दाखवून दिले आहे. अशा वेळी दुआ म्हणत म्हणत दवाखाना गाठणे हेच पैगंबरांच्या वागण्याशी जुळते.

तिसरा भाग कुरआनातल्या शेवटच्या तीन छोट्या सूरांचा: इखलास, फलक आणि नास. तिन्ही ‘कुल’, म्हणजे ‘सांग’, या शब्दाने सुरू होतात. अब्दुल्लाह बिन खुबैब सांगतात की पावसाच्या एका काळोख्या रात्री ते पैगंबरांना शोधत निघाले. भेट झाल्यावर पैगंबर म्हणाले, ‘सांग.’ काय सांगायचे ते न कळल्याने अब्दुल्लाह गप्प राहिले. असे पुन्हा झाले. शेवटी त्यांनी विचारले, काय सांगू? तेव्हा या तीन सूरा सकाळी आणि संध्याकाळी तीन तीनदा म्हण, त्या तुला प्रत्येक गोष्टीपासून पुरेशा आहेत, असे उत्तर मिळाले. इखलासमध्ये अल्लाहच्या एकत्वाची ग्वाही आहे. फलकमध्ये बाहेरून येणाऱ्या अपायांपासून आश्रय मागितला आहे: दाटून येणारा अंधार, गाठींवर फुंकर घालणारे, मत्सर करणारा. नासमध्ये मनात कुजबुजून माणसाला वाकड्या वाटेला नेणाऱ्यापासून आश्रय आहे. बाहेरचे आणि आतले असे दोन्ही धोके यात येतात, म्हणून ज्याला लांब दुआ पाठ होत नाहीत त्याने इथून सुरुवात करावी. सूरा बकराची 255वी आयत, आयतुल कुर्सी, हीसुद्धा सकाळ-संध्याकाळ एकेकदा म्हटली जाते. झोपण्यापूर्वी ती म्हणण्याची हदीस बुखारी यांच्या संग्रहात आहे.

आता वेळ. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तापूर्वी अल्लाहचा गौरव करावा असे कुरआनात सूरा ताहा आणि सूरा काफमध्ये आले आहे. त्या आधारे इब्नुल कय्यिम यांनी ‘अल-वाबिलुस्सय्यिब’ या ग्रंथात सकाळच्या अजकारांची वेळ पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत आणि संध्याकाळच्या अजकारांची वेळ अस्रपासून सूर्यास्तापर्यंत ठरवली. हाच काळ सर्वांत उत्तम मानला जातो. इतर विद्वानांनी थोडी सवड दिली आहे: काहींच्या मते सकाळची वेळ दुपारी सूर्य कलेपर्यंत चालते आणि संध्याकाळची वेळ मगरिबनंतर, रात्रीही चालते. विंचवाच्या हदीसमध्ये रात्रीच्या अपायाचा उल्लेख असल्याने मगरिबनंतर लगेच म्हणणाऱ्यांच्या मतालाही आधार आहे.

डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत हे कसे बसते ते पाहता येईल. पहाट पावणेसहा ते सहाच्या दरम्यान फुटते आणि सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. म्हणजे फज्रच्या नमाजीनंतर सकाळच्या अजकारांसाठी तासभर सहज मिळतो. संध्याकाळी मात्र पंथानुसार फरक पडतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत; त्यांच्याकडे दुपारच्या सावलीत वस्तूच्या उंचीइतकी भर पडली की अस्र सुरू होते, म्हणजे या दिवसांत पावणेचारनंतर थोड्याच वेळात. महाराष्ट्रातले इतर बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. तिथे सावलीत दुप्पट भर पडावी लागते, म्हणून अस्र साडेचारच्या पुढे जाते. सूर्यास्त सव्वासहाच्या आत होतो. दोघांनाही वेळ पुरतो, पण एकाच इमारतीतले दोन शेजारी वेगवेगळ्या वेळी अजकार सुरू करत असले तर त्यात कोणाची चूक नाही.

चुका होतात त्या मुख्यतः दोन ठिकाणी. पहिली म्हणजे वेळेप्रमाणे बदलणारे शब्द. काही दुआ सकाळी ‘अस्बहना’, आम्ही सकाळ पाहिली, या शब्दाने आणि संध्याकाळी ‘अम्सैना’, आम्ही संध्याकाळ पाहिली, या शब्दाने सुरू होतात. पुढे ‘हा दिवस’ आणि ‘ही रात्र’ हे शब्दही बदलतात. एकच रूप पाठ केलेला माणूस सकाळीही ‘अम्सैना’ म्हणत राहतो. वर दिलेल्या दोन्ही वाक्यांत असा बदल नाही. दुसरी चूक उच्चाराची. पहिल्या वाक्याच्या शेवटचा ‘अलीम’ हा घशातून येणाऱ्या ऐन या अक्षराने सुरू होतो आणि त्याचा अर्थ जाणणारा असा आहे. तोच साध्या अलिफने म्हटला तर अर्थ वेदनादायक असा होतो. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. ‘यदुर्रु’मधल्या अक्षरालाही मराठीत जोड नाही; आपल्याकडे अनेकजण ते ‘यजुर्रु’ असे म्हणतात. म्हणून देवनागरी पाठ आठवण राहण्यापुरता वापरावा आणि मूळ शब्द अरबी नीट वाचणाऱ्याच्या तोंडून एकदा तरी ऐकून घ्यावेत.

वेळ चुकली तर काय, याचे उत्तर तेराव्या शतकातले शाफई विद्वान इमाम नववी यांनी ‘अल-अजकार’ या ग्रंथात दिले आहे. ज्याचा जिक्र ठरलेल्या वेळेचा आहे आणि तो राहून गेला, त्याने तो सोडून देऊ नये. जमेल तेव्हा भरून काढावा, कारण एकदा सूट घेतली की पुढच्या वेळीही ती घेणे सोपे होते.