कांद्याचा भाव रोख्याच्या व्याजापर्यंत कसा पोचतो

शिरूर तालुक्यातल्या केंदूरच्या वावरातून निघालेला कांदा चाकणच्या नाहीतर पुण्याच्या बाजारात जातो आणि तिथून कुणाच्या तरी पिशवीत पडतो. हा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच कांद्याच्या भावाचा आणखी एक प्रवास असतो, आणि तो मला त्याहून विलक्षण वाटतो. बाजारातला भाव सरकारी नोंदीत जातो, नोंदीतून महागाईचा आकडा तयार होतो आणि तो आकडा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या खात्यात जमा होणाऱ्या व्याजापर्यंत पोचतो. कधी थेट पोचतो, कधी वर्षभर वळसे घेत पोचतो आणि कधी वाटेतच थांबतो.

2019 च्या हिवाळ्याची आठवण अजून ताजी असेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात खरिपाचा कांदा सडला आणि बराखीतला उन्हाळी कांदा संपत आला होता. डिसेंबरमध्ये शहरांत किलोला शंभर रुपयांच्या वर भाव गेला. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या 2012 पायाभूत वर्षाच्या मालिकेत कांद्याचा वाटा शंभरात एकसुद्धा नव्हता, फक्त 0.64 होता. तरी भाव काही पटींनी चढल्यावर एवढ्याशा वाट्यानंही आकडा हलवला. इतर भाज्या आणि डाळीही महागल्या होत्याच. डिसेंबर 2019 मध्ये किरकोळ महागाई 7.35 टक्के होती, जानेवारी 2020 मध्ये 7.59 टक्के.

त्या वेळी ज्यांच्याकडे 2013 चे महागाईशी जोडलेले रोखे होते, त्यांना या चढत्या भावाची भरपाई मिळायला हवी होती. किती मिळाली, ते पाहू.

हे रोखे रिझर्व्ह बँकेनं सरकारच्या वतीनं 23 डिसेंबर 2013 पासून विकायला काढले. मुदत दहा वर्षांची होती आणि किमान गुंतवणूक पाच हजार रुपयांची. व्याजाची रचना सुंदर होती: वर्षाला दीड टक्का ठरलेला आणि त्यावर महागाई जेवढी असेल तेवढी भर. दर सहा महिन्यांनी हिशेब करून व्याज मुद्दलात मिळवायचं आणि सगळं मुदतीअखेरीला द्यायचं. भाव उतरून महागाई उणे झाली तरी दीड टक्का हातचा जाणार नव्हता. म्हणजे रोखा घेणाऱ्याला पुढच्या दहा वर्षांचा भाव ओळखायची गरजच नव्हती. सरकार त्याला सांगत होतं, भाव कुठंही जाऊ देत, त्याच्यावर दीड टक्का तुमचा.

आता आकडे बघू. डिसेंबरमध्ये घेतलेल्या रोख्याचा हिशेब जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होतो, पण निर्देशांक तीन महिने मागचा धरतात, कारण ताजा आकडा पक्का व्हायला वेळ लागतो. म्हणून डिसेंबर 2019 ते जून 2020 या सहामाहीसाठी सप्टेंबर 2019 चा आणि मार्च 2020 चा निर्देशांक ताडून पाहायचा. सप्टेंबरचा होता 145.8 आणि मार्चचा 148.6. वाढ झाली 1.92 टक्के. त्यात सहामाहीचा ठरलेला पाऊण टक्का मिळवला की होतात 2.67 टक्के. लाख रुपये जमले असतील तर त्या सहामाहीत 2,670 रुपयांची भर.

गंमत अशी, की डिसेंबरमध्ये निर्देशांक 150.4 वर गेला होता. तो कळस या हिशेबात कुठंच दिसत नाही. रोखा वर्षातून दोनदाच फोटो काढतो; मधल्या काळात काय चढलं आणि काय उतरलं, ते त्याला कळत नाही. मार्चपर्यंत नवा कांदा बाजारात आला, भाव ओसरले, निर्देशांकही खाली आला. यात कुणावर अन्याय झाला नाही. जे भाव खरंच उतरले त्यांची भरपाई कशाला द्यायची? पण डिसेंबरमध्ये शंभर रुपयांनी कांदा घेतलेल्या घराला त्या महिन्यात या रोख्यानं काही दिलं नाही, हेही तितकंच खरं. महागाईचा रोखा दहा वर्षांच्या भावांपासून राखण करतो. एका महिन्याच्या भडक्यापासून राखण करणं त्याचं काम नाही.

कोणता निर्देशांक धरला, यावरही बरंच काही अवलंबून असतं. या रोख्यांच्या आधी, जून 2013 मध्ये, सरकारनं घाऊक किमतींशी जोडलेले रोखे काढले होते. पुढं खनिज तेल कोसळलं आणि घाऊक महागाई नोव्हेंबर 2014 पासून वर्षाहून अधिक काळ शून्याखाली राहिली. किरकोळ भाव मात्र त्या काळात वाढतच होते. रोखा महागाईशी जोडलेला होता, पण ती धारकाच्या घरची महागाई नव्हती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सनं 1780 मध्ये आपल्या सैनिकांना दिलेल्या रोख्यांत हा प्रश्न सरळ सोडवला होता. नोटांची किंमत झपाट्यानं घसरत होती, म्हणून देणं कशावर मोजायचं ते रोख्यातच लिहिलं होतं: पाच बुशेल मका, साधारण साडेअडुसष्ट पौंड गोमांस, दहा पौंड लोकर आणि सोळा पौंड तळव्याचं चामडं. निर्देशांक काढणारं एकही खातं जगात नव्हतं, तेव्हा त्यांनी शिधाच निर्देशांक केला. मला हे वाचून थक्क व्हायला झालं.

आता दुसरा रोखा. हा आज प्रत्यक्ष मिळतो: फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड 2020, म्हणजे बदलत्या व्याजदराचा बचत रोखा. 1 जुलै 2020 पासून तो विकला जातो, मुदत सात वर्षं, किमान एक हजार रुपये, कमाल मर्यादा नाही. स्टेट बँकेत, राष्ट्रीयीकृत बँकांत आणि काही खासगी बँकांत मिळतो. त्याचं व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या, म्हणजे पोस्टातल्या एनएससीच्या दराहून 0.35 टक्के जास्त असतं. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला तो नव्यानं ठरतो आणि त्याच दिवशी मागच्या सहामाहीचं व्याज खात्यात पडतं.

ठरलेल्या व्याजाच्या रोख्याहून हा वेगळा का, हे व्याजदर चढतात तेव्हा कळतं. 2020 मध्ये पावणेसहा टक्क्यांच्या आसपास व्याजाचा दहा वर्षांचा सरकारी रोखा घेतलेल्याला 2022 च्या मध्याला तो विकायचा असता, तर नव्या रोख्यांवर साडेसात टक्के मिळत होते. कमी व्याजाचा जुना रोखा पूर्ण भावानं कोण घेणार? शंभराचा रोखा साधारण नव्वदीत गेला असता. बदलत्या दराच्या रोख्याला हा धोका नाही, कारण त्याचं व्याजच नव्या दराकडे सरकतं. आणि हा बचत रोखा तर बाजारात विकताच येत नाही, त्यामुळं त्याला रोजचा भावच नाही.

पण महागाई या रोख्यापर्यंत पोचायची वाट फार लांब आहे. भाव वाढले की रिझर्व्ह बँक रेपो दर वाढवते, मग सरकारी रोख्यांवरचा परतावा वाढतो, त्याकडे पाहून अर्थ मंत्रालय दर तिमाहीला एनएससीचा दर ठरवतं आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या टप्प्यावर आपला रोखा हलतो. एनएससीचा दर पाच वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या परताव्याहून पाव टक्का जास्त असावा, असं सूत्र श्यामला गोपीनाथ समितीनं 2011 मध्ये सुचवलं होतं. मंत्रालय ते प्रत्येक वेळी पाळत नाही. 31 मार्च 2021 च्या रात्री एनएससीचा दर 6.8 वरून 5.9 टक्के केल्याचा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तो नजरचुकीनं निघाल्याचं सांगून मागे घेतला. तो टिकला असता तर या रोख्याचा दर जुलैमध्ये 6.25 वर आला असता.

आता एक लाखाची कहाणी. 1 जुलै 2020 ला घेतलेल्या रोख्याला 7.15 टक्क्यांनी सहामाहीला 3,575 रुपये मिळू लागले. एप्रिल 2022 मध्ये महागाई 7.79 टक्क्यांवर गेली. 4 मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो 4 वरून चढवत फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 टक्क्यांवर नेला. आपल्या धारकाच्या खात्यात मात्र 1 जानेवारी 2023 पर्यंत तेच 3,575 येत राहिले. त्यानंतर दर 7.35 झाला आणि जुलै 2023 ला 3,675 आले. मग दर 8.05 झाला आणि 1 जानेवारी 2024 ला 4,025 रुपये जमा झाले. महागाईचा कळस आणि पहिलं मोठं व्याज यांच्यात वीस महिने गेले. उतरताना हाच संथपणा धारकाच्या कामी आला: 2025 च्या जूनपर्यंत रेपो एक टक्क्यानं उतरला, तरी त्या जुलैत ठरलेला दर 8.05 च राहिला.

एक फरक मात्र सगळ्यात मोठा आहे आणि तोच लोकांच्या नजरेतून सुटतो. 2013 च्या रोख्यात महागाईची भर मुद्दलात साठत होती. या रोख्यात सगळं व्याज हातात येतं आणि 2027 मध्ये परत मिळतो तो एक लाखच. सात वर्षं सरासरी पाच टक्क्यांनी भाव वाढले, तर त्या लाखात तेव्हा 2020 च्या सुमारे 71 हजारांचाच माल येईल. म्हणजे 4,025 रुपयांतला बराचसा भाग खरं तर झिजणारं मुद्दलच आहे, व्याजाच्या नावानं परत येणारं. ते सगळं खर्चून टाकणारा माणूस मुद्दल खातो आहे आणि त्याचा त्याला पत्ता नसतो.

शिवाय व्याज पूर्ण करपात्र आहे. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकर धरून 8.05 चे जेमतेम साडेपाच उरतात. करापुरतं उत्पन्नच नसलेल्या माणसाला पूर्ण 8.05 मिळतात. शेतीच्या उत्पन्नाला असलेली करमाफी या व्याजाला लागू होत नाही.

म्हणून केंदूरच्या दोन घरांना एकच सल्ला देता येणार नाही. ज्याच्या बराखीत कांदा आहे, त्याची मिळकत भावाबरोबर चढण्याची निदान शक्यता असते. महागाईपासून थोडी राखण त्याला शेतच देतं, पीक हाती लागलं तर. ठरीव रकमेवर जगणाऱ्या निवृत्त माणसाकडे असं काही नसतं. त्याला बदलत्या दराच्या रोख्याचा उपयोग अधिक आहे, पण पैसे सात वर्षं अडकतात. मुदतीआधी मोडायची सवलत साठीच्या पुढच्यांनाच आहे, तीही साठ ते सत्तर वयाला सहा वर्षांनी, सत्तर ते ऐंशीला पाच आणि ऐंशीच्या पुढं चार वर्षांनी. तेव्हाही शेवटच्या सहामाहीचं निम्मं व्याज कापलं जातं. रोखा तारण ठेवून कर्जही मिळत नाही.

2013 चे रोखे मुदत भरून संपले आहेत. ज्यांच्याकडे 2020 चा रोखा आहे त्यांनी डिसेंबर आणि जूनच्या शेवटच्या दिवसांत पोस्टातल्या एनएससीचा जाहीर झालेला दर पाहावा, त्यात 0.35 मिळवावे आणि आलेल्या व्याजातून वर्षाच्या महागाईएवढी रक्कम बाजूला काढून पुन्हा गुंतवावी. उरेल तेवढंच खर्चाला घ्यावं.