पगारातली तफावत कुठे लपते?

मार्च 2019 मध्ये गूगलने आपल्या पगार-तपासणीचा निकाल जाहीर केला आणि अनेकांच्या भुवया उंचावल्या. 2018 सालासाठी कंपनीने 10,677 कर्मचाऱ्यांना मिळून 97 लाख डॉलरची भरपाई दिली होती. पण एका मोठ्या गटात, चौथ्या श्रेणीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांमध्ये, कमी पैसे बायकांना नव्हे तर पुरुषांना मिळत असल्याचं निघालं. व्यवस्थापकांच्या हाती मर्जीनुसार वाटायला जी रक्कम असते, त्यातला जास्त वाटा बायकांना गेला होता, असं कारण कंपनीने दिलं. त्याच वेळी गूगलच्या माजी महिला कर्मचारी कमी पगाराच्या तक्रारीवरून कंपनीविरुद्ध कोर्टात लढत होत्या.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का? असू शकतात. ते समजायला अशी तपासणी होते कशी, हे आधी पाहायला हवं.

सगळ्या पुरुषांचा सरासरी पगार घ्यायचा, सगळ्या स्त्रियांचा घ्यायचा आणि वजाबाकी करायची, ही झाली ढोबळ तफावत. ती ऐकली की व्यवस्थापन लगेच म्हणतं, 'अहो, पण कामं वेगळी आहेत, अनुभव वेगळा आहे!' म्हणणं रास्त आहे. म्हणून पुढची पायरी येते. प्रत्येकाचं काम, श्रेणी, शहर, अनुभवाची वर्षं, कामगिरीचा शेरा अशी माहिती एकत्र करतात आणि 'रिग्रेशन' नावाच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने हिशेब मांडतात की अशा माणसाला या कंपनीत साधारण किती पगार मिळायला हवा. मग प्रत्यक्ष पगार त्याच्याशी ताडून बघतात. एखाद्या गटातल्या स्त्रिया सतत अपेक्षेच्या खाली दिसल्या आणि निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी निघाली, तर तिथे खूण करतात. चार-सहा जणांच्या गटावर हे गणित चालत नाही. म्हणूनच गूगलने किमान 30 जणांचे आणि तुलनेच्या प्रत्येक बाजूला किमान 5 जण असलेले गटच तपासले होते. लहान गटांत एकेक फाइल हातात घेऊन बघण्याला पर्याय नाही, आणि नेमकं तेच काम टाळलं जातं.

आता एक काल्पनिक कंपनी धरू. 600 माणसं, त्यात 420 पुरुष आणि 180 स्त्रिया. पुरुषांचा सरासरी पगार महिना एक लाख, स्त्रियांचा 82,000. ढोबळ तफावत 18 टक्के. काम, श्रेणी, अनुभव वगैरे जमेस धरल्यावर उरते 2 टक्के. संचालकांपुढे जाणाऱ्या दोन पानी सारांशात हा दोनचा आकडा ठळक छापला जातो आणि खुर्च्यांवरची माणसं सैल होतात.

या दोन टक्क्यांमागे काय असतं? बहुतेकदा कुणाचा दुष्टावा नसतो, भरतीची एक सवय असते. मुलाखतीत 'सध्या किती मिळतात?' असं विचारून त्यावर ठरावीक टक्के वाढवून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. समजा, एकीला आधी कमी मिळत होते म्हणून ती 40,000 वर लागली आणि शेजारच्या टेबलावरचा 46,000 वर. दोघांना दरवर्षी अगदी सारखी, 10 टक्के वाढ मिळाली. सात वर्षांनी ती सुमारे 77,950 वर असते आणि तो 89,640 वर. सहा हजारांची तफावत जवळपास बारा हजारांवर गेली आणि मधल्या काळात कुणीही पक्षपात केला नाही. गूगलच्या त्या भरपाईतलाही जवळपास निम्मा हिस्सा नव्याने रुजू होणाऱ्यांच्या पगारातले फरक भरून काढण्यासाठी होता.

दुसरी जागा म्हणजे बाळंतपणाची रजा. रजा 26 आठवड्यांची, म्हणजे अर्धं वर्ष. त्या वर्षाचा शेरा 'काम पुरेसं पाहता आलं नाही' म्हणून आपोआप मध्यम पडतो आणि वाढही मध्यम मिळते. मग तपासणीचा हिशेब तोच शेरा रास्त कारण म्हणून मान्य करतो!

दुरुस्तीचं गणित त्या मानाने सोपं आहे. आपल्या काल्पनिक कंपनीत 48 जण अपेक्षेपेक्षा बरेच खाली सापडले, 40 स्त्रिया आणि 8 पुरुष. प्रत्येकाला सरासरी 7,500 रुपये वाढवून द्यायचे, तर महिन्याला 3 लाख 60 हजारांचा खर्च येतो, म्हणजे एकूण पगारखर्चाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी. ही रक्कम वार्षिक वाढीच्या तरतुदीतून घ्यायची नाही, वेगळी ठेवायची. नाहीतर एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढल्यासारखं होतं. आणि बरोबरी साधायला कुणाचा पगार खाली आणायचा नाही. 1976 च्या समान वेतन कायद्यात ही मनाई होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती कायम आहे.

दुरुस्ती झाली, पैसे मिळाले. आता पुन्हा ढोबळ तफावत काढा. ती 18 वरून साडेसोळाच्या आसपास आलेली दिसेल, एवढंच. बाकीची गेली कुठे? ती श्रेणीत आहे. वरच्या श्रेणीत स्त्रिया थोड्या, खालच्या श्रेणीत पुष्कळ. तपासणीने फक्त एकाच श्रेणीतल्यांची तुलना केली. मुळात कोणाला कोणत्या श्रेणीत बसवलं, हे तिने विचारलंच नाही.

हा प्रश्न काही कॅलिफोर्नियात जन्मलेला नाही. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांना त्यांच्याहून जास्त पगार होता. कंपनीचं म्हणणं असं, की या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर', त्यांचा वर्गच निराळा, आणि पगार तर युनियनशी झालेल्या करारानुसार ठरलेला. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. पदाचं नाव काय यापेक्षा प्रत्यक्ष काम समान स्वरूपाचं आहे का, हे व्यापक नजरेनं बघा, असं न्यायालयाने सांगितलं. कंपनीची आर्थिक स्थिती बेताची असणं ही सबबही चालली नाही. त्या वर्गात एकही पुरुष नव्हता. आजच्या पद्धतीचं रिग्रेशन तिथे लावलं असतं, तर त्या गटात तुलनेला पुरुषच नसल्याने तफावत दिसलीच नसती.

गूगलविरुद्धच्या खटल्यातली केली एलिस यांची तक्रारही याच जातीची होती. 2010 मध्ये चार वर्षांचा अनुभव घेऊन आलेल्या एलिस यांना तिसऱ्या श्रेणीत घेतलं, जिथे नवे पदवीधर लागतात, आणि तेवढ्याच अनुभवाच्या पुरुषाला चौथ्या श्रेणीत घेतलं, असा त्यांचा आरोप होता. तिसऱ्या श्रेणीतल्या इतरांशी तुलना केली तर त्यांचा पगार ठीकच दिसणार.

म्हणून तुमच्या कंपनीत असा सारांश टेबलावर आला, तर त्यात तीन गोष्टी मागा. ढोबळ आणि शिलकी, दोन्ही तफावती एकाच पानावर हव्यात. कोणकोणती कारणं रास्त धरून वजा केली, त्याची यादी हवी. आणि रुजू होताना दिलेली श्रेणी व नंतरच्या बढत्या यांची तपासणी स्वतंत्र हवी, कारण पगारवाढीने तो दोष जात नाही. तपासणी दरवर्षी करायला लागते, हेही त्यात लिहिलेलं असावं. नव्या भरतीबरोबर तफावत पुन्हा आत येते.

गूगलने 2022 मध्ये तो खटला 11 कोटी 80 लाख डॉलर देऊन मिटवला. चूक मान्य केली नाही. सुमारे 15,500 महिला त्यात येत होत्या. तडजोडीत आणखी एक अट होती: रुजू होताना कोणाला कोणती श्रेणी दिली जाते, हे बाहेरच्या तज्ज्ञाने तपासायचं.