गळवाला आधी चीर, मग गोळी

समजा, चाळिशीच्या एका रिक्षाचालकाच्या मांडीवर केसतुडासारखी पुळी आली. ती चार दिवसांत तीन सेंटिमीटरची लाल, गरम, ठणकणारी गाठ झाली. औषधाच्या दुकानातून त्याने अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या आणि दोन दिवस घेतल्या. ठणका तसाच राहिला.

गोळ्या हलक्या होत्या म्हणून असं झालं नाही. गळवात पू साठतो, तेव्हा शरीर त्याभोवती भिंत उभी करतं. त्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातलं औषध आत फारसं पोचत नाही. शिवाय को-ट्रायमोक्साझोल ज्या घटकापासून जंतूंना वंचित ठेवू पाहतं, तो मेलेल्या पेशींमधून त्यांना आयताच मिळतो. म्हणून पिकलेल्या गळवाचा खरा इलाज म्हणजे चीर देऊन पू काढणं.

गाठ बोटाने दाबल्यावर आत पातळ काही हलतंय असं जाणवलं, तर ती पिकली आहे. शंका असेल तर सोनोग्राफीत पू दिसतो. डॉक्टर भूल देतात, मऊ जागी चीर देतात, आतले कप्पे मोकळे करतात आणि पोकळी सलाईनने धुतात. पुवाचा थोडा नमुना कल्चरसाठी पाठवला, तर कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध चालेल ते दोन-तीन दिवसांत कळतं. घरी दाबून पिळणं मात्र टाळावं, कारण त्यामुळे जंतू खोलवर ढकलले जाऊ शकतात. चेहरा, स्तन, हात किंवा गुदद्वाराजवळच्या गळवाला तर घरी हातच लावू नये.

मग गोळी कशाला? याचं उत्तर अमेरिकेतल्या पाच आपत्कालीन विभागांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सापडतं. बाराशेहून अधिक रुग्णांच्या गळवांतून पू काढला. त्यानंतर सात दिवस काहींना को-ट्रायमोक्साझोल दिलं, तर काहींना औषध नसलेली गोळी. शंभरातले सुमारे ८१ औषधाने बरे झाले आणि औषधाविना ७४. म्हणजे मोठं काम चीर करते, गोळी त्यात थोडी भर घालते.

ही भर कोणाला हवी, हे ठरवताना डॉक्टर काही गोष्टी पाहतात: ताप, नव्वदपेक्षा जलद नाडी, गळवाभोवती पसरलेली लाली, एकाहून अधिक किंवा पुन्हा पुन्हा येणारी गळवं, मधुमेह, कमी झालेली प्रतिकारशक्ती. आपल्या रिक्षाचालकाला मधुमेह आहे आणि लालीही पसरली आहे. त्यामुळे पू काढल्यावर त्याला गोळी देणं योग्य.

डॉक्सिसायक्लिन साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. ते पेलाभर पाण्यासोबत घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध, लोहाच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांपासून ते दूर ठेवावं. उन्हाने त्वचा भाजू शकते, म्हणून दिवसभर रस्त्यावर असणाऱ्याने अंग झाकावं. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत. को-ट्रायमोक्साझोल सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना चालत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील, तर त्याने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. अंगावर फोड किंवा तोंडात चट्टे आले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं.

ही दोन्ही औषधं निवडण्याचं कारण म्हणजे एमआरएसए, नेहमीच्या पेनिसिलिन गटातल्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस. तो त्वचेवर आणि नाकात मुकाट राहतो, आणि स्पर्शातून, टॉवेलमधून घरभर फिरतो. जखमेवर कोरडी पट्टी हवी, ती भिजली की बदलावी. वापरलेली पट्टी पिशवीत बांधून टाकावी आणि हात साबणाने धुवावेत. टॉवेल, पंचा, वस्तरा आणि साबणाची वडी प्रत्येकाची वेगळी असावी. चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावेत. पट्टीखाली जखम नीट झाकत नसेल, तर तालीम, जिम आणि पोहणं बंद ठेवावं.

तरीही गळवं पुन्हा पुन्हा येत असतील, तर डॉक्टर पाच दिवस नाकात दिवसातून दोनदा म्युपिरोसिन मलम आणि अंगाला क्लोरहेक्सिडिनने रोज अंघोळ सांगू शकतात. घरात इतरांनाही गळवं येत असतील, तर हा उपाय सर्वांनी एकाच वेळी करण्यात अर्थ आहे.

पू काढल्यावर दोन दिवसांत ठणका उतरायला हवा. लाली वाढली, ताप चढला, किंवा त्वचा काळी पडून वेदना दिसते त्याहून कितीतरी जास्त झाली, तर गोळ्या संपेपर्यंत वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.