शेअर महागला की घ्यायचा, पडला की विकायचा! मार्केट मेकर असं उलटं का वागतो?

शेअर स्वस्तात घ्यावा आणि महाग झाला की विकावा, हे कुणीही सांगेल. पण ऑप्शन विकून बसलेला मार्केट मेकर दिवसभर नेमकं याच्या उलट करतो. भाव वाढला की शेअर घेतो, पडला की विकतो. प्रत्येक फेरीत थोडा तोटा खातो आणि तरीही अनेकदा महिनाअखेर नफ्यात असतो. हे कसं जमतं?

मार्केट मेकर म्हणजे कोण?

तुम्ही ॲपवर कॉल ऑप्शन विकत घेता, तेव्हा समोर कुणीतरी विकणारा लागतो. खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव सतत लावून ठेवणारी संस्था म्हणजे मार्केट मेकर. दोन भावांमधला फरक ही तिची कमाई. शेअर वर जाणार की खाली, यावर तिला पैज लावायची नसते. म्हणून ऑप्शन विकला की ती लगेच स्वतःला सुरक्षित करते. यालाच हेजिंग म्हणतात.

एक उदाहरण घेऊ

समजा, एका शेअरचा भाव १००० रुपये आहे. मार्केट मेकरने १००० रुपये स्ट्राइकचा, १००० शेअर्सचा कॉल ऑप्शन विकला. एक्स्पायरीला बाजाराचे २१ दिवस बाकी आहेत. शेअर रोज साधारण २ टक्के हलेल असं धरून प्रीमियम ठरला शेअरमागे ३७ रुपये, म्हणजे एकूण ३७,००० रुपये. (आकडे ब्लॅक-शोल्स सूत्रानुसार, व्याज शून्य धरून आणि सोपे करून दिले आहेत.)

या ऑप्शनचा डेल्टा ०.५२ आहे. म्हणजे शेअर १ रुपयाने वाढला, तर ऑप्शन साधारण ५२ पैशांनी महागतो आणि विकणाऱ्याचं तेवढं नुकसान होतं. ते भरून काढायला मार्केट मेकर ५२० शेअर विकत घेतो. आता भाव थोडासा वर-खाली झाला तरी एका खिशातून गेलेले पैसे दुसऱ्या खिशात येतात.

मग अडचण कुठे येते?

अडचण अशी की डेल्टा एका जागी थांबत नाही. शेअर वाढला की डेल्टाही वाढतो. तो किती वेगाने बदलतो, हे सांगणारा आकडा म्हणजे गामा. आपल्या उदाहरणात भाव १ रुपयाने बदलला की हेजसाठी लागणारे शेअर सुमारे ४.३ ने बदलतात.

समजा, शेअर १०२० रुपयांवर गेला. हातातल्या ५२० शेअर्सवर १०,४०० रुपये मिळाले. पण विकलेला ऑप्शन साधारण ११,२६० रुपयांनी महागला, कारण वाटेत त्याचा डेल्टा वाढत गेला. म्हणजे ८६० रुपयांचा तोटा. शिवाय आता ५२० शेअर पुरत नाहीत, ६०६ लागतात. म्हणून १०२० रुपयांना आणखी ८६ शेअर घ्यावे लागतात.

दुपारी भाव पुन्हा १००० वर आला, तर हे ८६ शेअर जास्तीचे ठरतात. ते १००० रुपयांना विकावे लागतात. १०२० ला घेतले, १००० ला विकले. एका फेरीचा तोटा १,७२० रुपये.

तरीही तो ऑप्शन का विकतो?

कारण वेळ त्याच्या बाजूने आहे. काहीच घडलं नाही तरी एक दिवस सरला की हा ऑप्शन साधारण ८७ पैशांनी स्वस्त होतो. यालाच थीटा म्हणतात. १००० शेअर्सवर ही विकणाऱ्याची ८७० रुपये रोजची मजुरी झाली.

आता हिशेब जुळतो. दिवसात शेअर एकदाच २० रुपये हलला, तर ८६० गेले, ८७० मिळाले. जवळजवळ बरोबरी. शेअर जागचा हलला नाही, तर ८७० खिशात. पण ४० रुपये हलला आणि मधे हेज बदलता आला नाही, तर तोटा दुप्पट नाही, चौपट होतो. साधारण ३,४४० रुपये. म्हणजे चार दिवसांची मजुरी एका दिवसात जाते.

थोडक्यात, दिशा कुठलीही असो, खरा प्रश्न एकच असतो. प्रीमियम ठरवताना जेवढी हालचाल धरली होती, त्यापेक्षा प्रत्यक्षात शेअर जास्त हलला की कमी?

गामा स्कॅल्पिंग म्हणजे काय?

हाच व्यवहार आरशात बघा. मार्केट मेकरने ऑप्शन विकण्याऐवजी विकत घेतला आणि हेज म्हणून ५२० शेअर शॉर्ट केले. आता भाव १०२० झाला की तो आणखी ८६ शेअर विकतो आणि १००० वर आला की परत घेतो. प्रत्येक फेरीत १,७२० रुपयांचा फायदा. ऑप्शन हाती ठेवून केलेल्या या छोट्या छोट्या कमाईला गामा स्कॅल्पिंग म्हणतात. पण रोजचे ८७० रुपये आता त्याच्या खिशातून जातात. शेअर सुस्त पडून राहिला, तर हे भाडं वाया गेलं.

गणित कधी बिघडतं?

पहिलं, गॅप. बाजार बंद असताना भाव उडी मारतो, तेव्हा मधल्या किमतींना हेज बदलायची संधीच मिळत नाही. ३१ मे २०२४ ला निफ्टी २२,५३० वर बंद झाला. एक्झिट पोलनंतर ३ जूनला तो थेट २३,३३७ वर उघडला. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि निर्देशांक जवळपास ६ टक्के पडला. मेअखेरीस इंडिया व्हिक्स २४ च्या वर होता. व्हिक्सला १६ ने भागलं की दिवसाची अपेक्षित हालचाल कळते, म्हणजे इथे साधारण दीड टक्का. हा पुढच्या महिन्याभराचा सरासरी अंदाज असतो आणि निकालाच्या दिवशी बाजाराने त्याहून जास्त हालचाल धरलेली असणारच. तरी ६ टक्के म्हणजे त्या सरासरीच्या चौपट.

दुसरं, एक्स्पायरी. शेवटच्या दिवशी भाव स्ट्राइकजवळ असेल, तर गामा प्रचंड वाढतो. आपल्या उदाहरणात तेव्हा १००० वरून १०२० वर जाताना ८६ नाही, सुमारे ३४० शेअर घ्यावे लागतील. २० रुपयांची तीच हालचाल, पण चौपट धावपळ.

तिसरं, खर्च. प्रत्येक खरेदी-विक्रीवर कर आणि शुल्क लागतं. पावलोपावली हेज बदलला तर खर्चच कमाई खातो, आणि उशीर केला तर तोटा वाढतो. किती रुपयांच्या हालचालीनंतर हेज बदलायचा, हे ठरवणं म्हणूनच कठीण. शेअरऐवजी फ्युचर्स वापरले तरी हा पेच सुटत नाही.

हे कसं ओळखायचं?

ऑप्शन चेनमध्ये आयव्ही असं लिहिलेला आकडा दिसतो. तोही १६ ने भागा. उत्तर आलं २, तर विकणाऱ्याने रोजची २ टक्के हालचाल धरून पैसे घेतले आहेत. गेले काही दिवस शेअर रोज १ टक्काच हलत असेल, तर सध्या विकणारा कमावतोय. ३ टक्के हलत असेल, तर घेणारा. अर्थात, उद्या किती हलेल हे या आकड्यात लिहिलेलं नसतं, आणि विकणाऱ्याची सगळी जोखीम तिथेच आहे.