यादीत पहिलं कोण? पुणेकरांच्या विमानशोधाची वीस वर्षं

वीस वर्षांपूर्वी पुण्यातून विमानाचं तिकीट काढायचं म्हणजे एजंटला फोन करायचा. तो दोन-तीन पर्याय तोंडी सांगायचा, आपण एक निवडायचो. पर्याय कोणत्या क्रमाने सांगायचे, हे तो ठरवायचा. 2003मध्ये एअर डेक्कन आली, 2005-06मध्ये स्पाइसजेट आणि इंडिगो आल्या. त्याच सुमारास मेकमायट्रिप, क्लिअरट्रिप, यात्रा ही संकेतस्थळं भारतात सुरू झाली आणि तो क्रम लावायचं काम स्क्रीनकडे गेलं. तेव्हापासून आपण यादीतलं पहिलं नाव बघत आलो. मात्र ते पहिलं कशामुळे आलं, हे फारसं कोणी विचारलं नाही.

सुरुवातीला यादी फक्त दराने लागायची आणि तेवढं पुरत होतं. पुणे-दिल्ली मार्गावर मोजक्या फेऱ्या होत्या, बहुतेक थेट. गोंधळ व्हायचा तो आकड्यात. डेक्कनचं ‘एक रुपयात तिकीट’ गाजलं, पण त्या रुपयावर कर आणि शुल्कं वेगळी पडायची. पुढे यादीत करांसह रक्कम दिसू लागली, तरी आकडा पुरता स्थिर झाला नाही. बऱ्याच बुकिंग साइटवर ‘कन्व्हिनियन्स फी’ अगदी शेवटच्या पानावर येते. सीट आणि खाणं वेगळं. 2024पासून एअर इंडिया एक्स्प्रेसने फक्त हातातल्या सामानाचं, चेक-इन बॅगेविनाचं स्वस्त भाडंही आणलं. अशा भाड्याशेजारी 15 किलो सामानासह असलेलं भाडं ठेवलं, तर ‘चीपेस्ट’ची क्रमवारी दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करते. बॅग नेणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाचं तिकीट पुष्कळदा स्वस्त पडतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. टप्प्याटप्प्याने किंमत वाढवत नेणं त्यात गैर ठरवलं आहे. तरीही पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन आकडा वाचायची सवय सोडू नये.

दरम्यान, अनेक साइटचे दर एकाच ठिकाणी दाखवणारे शोध आले. स्कायस्कॅनर, कायाक, 2011पासून गुगल फ्लाइट्स. त्यांच्यासोबत ‘फास्टेस्ट’ आलं. हे विमान सुटण्यापासून उतरण्यापर्यंतचा वेळ मोजतं, मधल्या थांब्यासह. पुणे-दिल्लीसाठी त्याचा उपयोग जवळपास शून्य. सगळी थेट विमानं सव्वादोन तासांच्या आसपास आणि फरक पाच-दहा मिनिटांचा. तोही वेळापत्रकात कंपनीने किती सैलपणा ठेवला यावर ठरतो. पाच मिनिटं वाचवायला पहाटे चारला लोहगावकडे निघण्यात शहाणपण नाही. परतीचं तिकीट एकत्र शोधलं, तर काही ठिकाणी जाण्या-येण्याच्या वेळेची सरासरी दाखवतात. त्यामुळे जाताना नऊ आणि येताना एकोणीस तास लागणारा प्रवास चौदा-चौदा तासांच्या शेजारी गुपचूप बसतो. दोन्ही बाजू उघडून पाहाव्यात.

सर्वांत उशिरा ठळक झालं ते ‘बेस्ट’. गुगलने 2024च्या शेवटी निकालांना ‘बेस्ट’ आणि ‘चीपेस्ट’ अशी दोन पानं दिली. ‘बेस्ट’मध्ये दर आणि सोय यांचा मेळ घातलेला असतो. एकूण वेळ, थांबे, मध्ये विमानतळ बदलावा लागतो का, हे पाहून. ‘चीपेस्ट’मध्ये लांबलचक थांबे येतात आणि वेगवेगळी तिकिटं जोडून केलेले प्रवासही येतात. म्हणजे ‘बेस्ट’ ही मोजलेली गोष्ट नाही, वजनं लावून काढलेलं मत आहे. ती वजनं साइटची असतात, आपली नाहीत. आपलं घर कुठे आहे, हे तर तिला ठाऊकच नसतं.

पुणेकराला हा शेवटचा मुद्दा नेहमीच नडत आला आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, धावपट्टी एकच. ऑक्टोबर 2020पासून तिच्या दुरुस्तीसाठी रात्री आठ ते सकाळी आठ विमानं बंद राहिली आणि 16 ते 29 ऑक्टोबर 2021 विमानतळ पूर्ण बंद होता. त्या काळात ‘जवळचे विमानतळ’ ही एरवी दुर्लक्षित खूण अनेकांनी पहिल्यांदा टिचकवली. जुलै 2024मध्ये नवं टर्मिनल वापरात आलं, तरी युरोप-अमेरिकेला जाणाऱ्याला मुंबई किंवा दिल्ली सहसा चुकत नाही.

लंडनला मुलाकडे निघालेल्या कोथरूडच्या आईवडिलांचंच उदाहरण घेऊ. आकडे ढोबळ आहेत. मुंबईहून थेट विमान दहा तासांचं. पुण्याहून दिल्लीमार्गे एकाच तिकिटावर, तीन तासांच्या थांब्यासह, पंधरा तास. ‘फास्टेस्ट’मध्ये मुंबई पाच तासांनी पुढे. आता घरापासून मोजा. मुंबई विमानतळावर तीन तास आधी पोचायचं आणि द्रुतगती मार्गावरच्या गर्दीसकट चार तास धरायचे, म्हणजे सतरा तास. लोहगावला एक तासाचा रस्ता आणि अडीच तास आधी पोचणं, म्हणजे साडेअठरा. पाचाचा फरक दीडवर आला. मुंबईची टॅक्सी चार-पाच हजारांची धरली, तर ‘चीपेस्ट’चंही पारडं हलतं. शिवाय घाटात गाडी अडकून विमान हुकलं, तर तो भुर्दंड आपलाच.

तिसरा पर्याय यादीत याहून स्वस्त दिसतो. पुणे-दिल्ली एका कंपनीचं, दिल्ली-लंडन दुसरीचं, दोन वेगळी तिकिटं. अशा ओळीत ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं बारीक लिहिलेलं असतं. दिल्लीत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. एकाच पीएनआरवर बॅग सहसा थेट लंडनला जाते आणि जोड हुकली, तर पुढची सोय कंपनी पाहते. सत्तरीतल्या दोघांसाठी हा फरक चार-पाच हजारांच्या बचतीपेक्षा मोठा आहे.

डिसेंबर 2025पासून नवी मुंबईहून देशांतर्गत विमानं सुटू लागली. पनवेलजवळचा हा विमानतळ पुणेकराला सांताक्रूझपेक्षा सोयीचा, म्हणून आता शोधताना कोड वाचायला हवा. PNQ, BOM, NMI. ‘मुंबई’ एवढंच टाकलं, तर यादीत दोन्ही विमानतळ मिसळून येऊ शकतात. एकीकडे उतरून दुसरीकडून निघायचं असेल, तर मधला रस्ता आपल्या वेळेत धरावा लागतो.

या सगळ्यातून गाळण्यांचा क्रम ठरतो. आधी ज्या गोष्टींवर तडजोड नाही त्या: किती थांबे चालतील, सामान किती, एकच तिकीट हवं का. मग सुटण्या-पोचण्याच्या वेळा, पण थोड्या सैल. सकाळी नऊच्या आत पोचायचंच म्हटलं, तर नऊ-दहाला उतरणारं आणि बरंच स्वस्त विमान दिसतही नाही. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख आणि ‘+1’ची खूण इथेच तपासावी. कंपनीची गाळणी सर्वांत शेवटी, खरंच नको असेल तरच. एवढं झाल्यावर दराने क्रम लावला, की ‘चीपेस्ट’ हा शब्द पहिल्यांदा भरवशाचा होतो, कारण उरलेली सगळी तिकिटं एकाच जातीची असतात. त्यांतल्या वरच्या तिन्हींना घरापासूनचे तास आणि टॅक्सीचे पैसे जोडून पाहावेत. हे तिन्हींचं गणित कागदावर मांडायला दहा मिनिटं पुरतात आणि बऱ्याचदा साइटने दुसरं-तिसरं ठरवलेलं तिकीट त्यात पहिलं येतं.